पत्राचा मायना बिनचूक कसा लिहावा: ‘प्रिय’पासून ‘महोदय’पर्यंत

मजकूर चांगला उतरलेला असतो, अक्षरही नेटके असते, पण पहिली ओळ वाचतानाच वाचणारा अडखळतो. तहसीलदारांना ‘सप्रेम नमस्कार’, सासऱ्यांना ‘प्रिय’, मैत्रिणीला ‘प्रिय मैत्रीण’, धाकट्या भावाला ‘सा. न. वि. वि.’ अशा चुका शिकल्यासवरल्या माणसांच्या पत्रांतही सर्रास दिसतात. याचे कारण असे की शाळेत मायन्यांचा तक्ता पाठ करून घेतला जातो. वडिलांना हा मायना, मित्राला तो, अधिकाऱ्याला तिसरा. तक्त्यात नसलेले माणूस समोर आले की आपण दोन मायन्यांचे तुकडे एकत्र जोडतो आणि तिथेच गडबड होते.

घरगुती मायना तीन तुकड्यांचा असतो: उपाधी, नाव किंवा हाक, आणि अभिवादन. ‘तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार’ यात ‘तीर्थरूप’ ही उपाधी, ‘बाबांस’ ही हाक आणि ‘साष्टांग नमस्कार’ हे अभिवादन. प्रत्येक तुकडा वेगळा निवडायचा, पण ठरलेल्या क्रमाने, आणि शेवटी तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते बघायचे. कार्यालयीन पत्राची रचना याहून वेगळी असते. तिच्याकडे पुढे येऊ.

## लिहायला बसण्याआधी

कच्च्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे या माणसाशी प्रत्यक्ष बोलताना तुम्ही काय हाक मारता आणि ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतले काय वापरता. पत्रात हे एकाएकी बदलू नका. आईला जन्मभर ‘अगं आई’ म्हणणाऱ्याने पत्रात ‘आपली तब्येत कशी आहे’ असे विचारले तर त्या माऊलीला मुलगा रागावलाय की काय असे वाटेल. ‘तीर्थरूप’ लिहिले म्हणजे पुढे ‘तुम्ही’च लिहिले पाहिजे असा नियम नाही. ‘तीर्थरूप आईस’ लिहून पुढे ‘तू औषध वेळेवर घेतेस ना?’ असे विचारणे मराठीत पूर्ण शुद्ध आहे.

दुसरी गोष्ट, पत्र पाहुणा, विद्यार्थी, ग्राहक, नागरिक यांपैकी कोण म्हणून लिहीत आहात.

तिसरी गोष्ट, अधिकाऱ्याला लिहायचे असेल तर पदाचे नेमके नाव आणि कार्यालयाचे नेमके नाव. ‘तलाठी साहेब’ किंवा ‘पंचायत समितीवाले’ एवढ्यावर कागद योग्य टेबलावर पोचत नाही. कार्यालयाच्या फलकावर किंवा त्यांच्याकडून आलेल्या जुन्या पत्राच्या शीर्षावर जे लिहिले आहे तेच उतरवून घ्या.

## टप्पा १: नाते की पद, हे आधी ठरवा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका. मायना माणसाच्या वयावरून ठरत नाही, तुम्ही त्याला कोण म्हणून लिहिता यावरून ठरतो. तुमचे सख्खे मामा गटविकास अधिकारी असतील आणि तुम्ही विहिरीच्या अनुदानाचा अर्ज करत असाल, तर तो अर्ज मामांना नाही, गटविकास अधिकाऱ्यांना आहे. त्यावर ‘तीर्थस्वरूप मामांस’ लिहिले तर त्यांचीच पंचाईत होते, कारण तो कागद नस्तीत लागतो, चार जणांच्या हातांतून जातो आणि त्यांनी भाच्याचे काम केले असा अर्थ कोणीही काढू शकतो.

याच्या उलट, तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेली उपविभागीय अधिकारी ‘चि.’ होत नाही. तिला लिहिताना ‘महोदया’च. आणि तीच मुलगी तुमची पुतणी असेल आणि तुम्ही तिला दिवाळीला घरी बोलावत असाल, तर तिथे ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ हेच शोभते.

तपासा: हे पत्र त्या माणसाची बदली झाल्यावरही त्याच कार्यालयात राहणार आहे का? राहणार असेल तर ते पदाला लिहिलेले पत्र आहे. माणसाबरोबर त्याच्या घरी जाणार असेल तर ते नात्याचे पत्र.

पत्र पदाला असेल तर पुढचे तीन टप्पे नजरेखालून घालून थेट पाचव्या टप्प्यावर या.

## टप्पा २: उपाधी निवडा

तीर्थरूप आणि तीर्थस्वरूप. या दोहोंची अदलाबदल फार होते. रूढ संकेत असा की स्वतःच्या आईवडिलांना आणि आजी-आजोबांना ‘तीर्थरूप’ लिहावे, आणि जे जन्मदाते नाहीत पण त्यांच्याच जागी आहेत त्यांना ‘तीर्थस्वरूप’. सासूसासरे, गुरुजी, वडिलांचे जुने स्नेही हे ‘तीर्थस्वरूप’. काका, मामा, आत्या यांच्याबाबत घराघरांत फरक आहे. काही घरांत रक्ताच्या सर्व वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ लिहितात, काही ठिकाणी आईवडिलांपुरतेच राखून ठेवतात. तुमच्या घरची रीत माहीत नसेल तर काका-मामांना ‘ती.’ एवढेच लिहा. हे संक्षिप्त रूप दोन्हीकडे चालते आणि कोणालाही खटकत नाही.

‘ती’ दीर्घ आहे. ‘तिर्थरूप’ किंवा ‘तिर्थस्वरुप’ लिहून आदर दाखवता येत नाही. ‘रू’ही दीर्घच.

प्रिय. बरोबरीच्यांना आणि लहानांना हे सरळ चालते. मोठ्यांना चालते का, यावर घरात वाद होतात. माझे मत असे: तुम्ही ज्यांना एकेरीत बोलता किंवा ज्यांच्याशी मोकळेपणाने थट्टा करता त्या वडीलधाऱ्यांना ‘प्रिय’ चालते. ‘प्रिय आई’, ‘प्रिय ताई’, ‘प्रिय आजी’ आज कोणालाही उणे वाटत नाही. ‘प्रिय बाबा’ हेही आता रुळले आहे. पण सासरे, गुरुजी, आजोबांच्या वयाचे परिचित यांना ‘प्रिय’ लिहिले की समोरच्याला आपण एक पायरी खाली आणल्यासारखे होते. तिथे ‘आदरणीय’ किंवा ‘पूज्य’ ही मधली वाट आहे. ‘तीर्थस्वरूप’ फार जड वाटणाऱ्या तरुणांनी ‘आदरणीय’ वापरावे, बेधडक वापरावे.

चिरंजीव. वयाने लहान असलेल्या नात्यातल्या मुला-मुलींना ‘चि.’. लग्न झालेल्या लेकीला किंवा सुनेला ‘चि. सौ.’ लिहिण्याची पद्धत आहे. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’ हे लग्न ठरलेल्या मुलीसाठी असते, म्हणून ते लग्नपत्रिकेत वधूच्या नावामागे दिसते. लग्नानंतरच्या पत्रात ते लिहिणे चूक. परक्या तरुणाला, तो कितीही लहान असला तरी, ‘चि.’ लिहू नये. त्याला ‘श्री.’ लिहावे.

श्री., सौ., श्रीमती. पुरुषाला ‘श्री.’ लिहिण्यात काही अडचण नसते. बाईंच्या बाबतीत जपून. मराठीत ‘सौ.’ म्हणजे पती हयात असलेली विवाहिता, आणि ‘श्रीमती’ हे पूर्वी बहुतेक विधवेला लिहिले जाई. त्यामुळे जुन्या पिढीतल्या एखाद्या बाईंना ‘श्रीमती’ खटकू शकते. सरकारी व्यवहारात मात्र ‘श्रीमती’ विवाहित, अविवाहित, विधवा अशा सर्व स्त्रियांना लिहितात. तेव्हा परक्या बाईंना आणि कामाच्या पत्रात ‘श्रीमती’, आणि घरच्या-ओळखीच्या पत्रात त्या स्वतः आपले नाव जसे लिहितात तसे. विधवा स्त्रीला ‘गं. भा.’ लिहिण्याची जुनी चाल अजून काही पत्रिकांवर दिसते. ती टाळा. माणसाला पत्र लिहिताना तिच्या दुःखाची खूण आधी लावायचे काहीच कारण नाही. आईला वडिलांच्या पश्चात लिहिताना फक्त ‘ती. आईस’ पुरते.

> सावध: दोन उपाध्या एकावर एक चढवू नका. ‘मा. आदरणीय श्री. … साहेब’ यात एकच आदर चार वेळा लिहिला आहे. नावापुढे ‘साहेब’, ‘सर’, ‘बाई’, ‘गुरुजी’ येत असेल तर आधीची ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ गाळा. ‘ती. सौ. आईस’ मात्र ठीक, कारण तिथे दोन उपाध्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

## टप्पा ३: नावाला योग्य रूप द्या

मराठी मायन्यात नाव दोनच प्रकारे येते. एक तर आपण हाक मारतो, किंवा अमक्याला पत्र आहे असे सांगतो.

हाक मारायची तर शब्द संबोधनाच्या रूपात हवा. ‘मित्र’चे ‘मित्रा’, ‘मैत्रीण’चे ‘मैत्रिणी’, ‘बाळ’चे ‘बाळा’. ‘प्रिय मित्र’ असे आपण रस्त्यात कोणाला हाक मारत नाही, ‘अरे मित्रा’ म्हणतो. पत्रातही तेच. ‘आई’, ‘बाबा’, ‘दादा’, ‘ताई’, ‘काका’ यांची रूपे हाकेत बदलत नाहीत, म्हणून तिथे चूक होत नाही. विशेषनामेही आज बदलत नाहीत: ‘प्रिय सुनील’, ‘प्रिय मीरा’.

सांगायचे असेल तर ‘-स’, ‘-ना’, ‘यास’, ‘यांस’, ‘हिस’ ही रूपे येतात: ‘तीर्थरूप बाबांस’, ‘ती. आईस’, ‘चि. सुनील यास’, ‘चि. सौ. मीरा हिस’, ‘श्री. अ. ब. क. यांस’. मान द्यायचा त्याला ‘यांस’ किंवा ‘यांना’. ‘यास’ आणि ‘हिस’ लहानांसाठी. एका अनुस्वाराने मान येतो आणि जातो, म्हणून टंकलेखन करताना हे विशेष बघा. ‘श्री. अ. ब. क. यास’ असे लिहिले तर आधीच्या ‘श्री.’चे सारे पुण्य गेले.

दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त त्यांची खिचडी नको. ‘प्रिय मित्र सुनील यास’ चालते, कारण ‘यास’ने सगळे सांभाळले. ‘प्रिय मित्रा सुनील यास’ चालत नाही, कारण आधी हाक मारली आणि मग त्याच्याबद्दल तिसऱ्याला सांगितल्यासारखे झाले.

तपासा: मायना मोठ्याने म्हणा. हाक मारल्यासारखा वाटला, किंवा ‘अमक्याला पत्र’ असे ऐकू आले तर ठीक. नुसतीच नावाची पाटी वाचल्यासारखे वाटले तर रूप चुकले आहे.

## टप्पा ४: अभिवादन जोडा

अभिवादनाच्या तीन पातळ्या लक्षात ठेवा. वर जाणारे, समोर जाणारे आणि खाली येणारे.

वर जाणारे म्हणजे मोठ्यांना: साष्टांग नमस्कार, शिरसाष्टांग नमस्कार, कृतानेक साष्टांग नमस्कार, सादर प्रणाम, सविनय नमस्कार. समोर जाणारे म्हणजे बरोबरीच्यांना: सप्रेम नमस्कार, किंवा नुसते नमस्कार. खाली येणारे म्हणजे लहानांना: अनेक आशीर्वाद, अनेक उत्तम आशीर्वाद. (हा शब्द ‘आर्शिवाद’ असा फार वेळा चुकतो. रफार ‘वा’वर असतो, ‘शी’ दीर्घ असते.)

आता संक्षेपांकडे या. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ‘कृ. सा. न. वि. वि.’ म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पहिल्या दोहोंत फरक फक्त एका कान्याचा आहे आणि गफलत नेमकी तिथेच होते. घाईत काना राहिला की आजोबा बरोबरीचे होतात. काना जास्तीचा पडला की मित्रापुढे लोटांगण घातले जाते. खात्री नसेल तर संक्षेप वापरूच नका, पूर्ण शब्द लिहा.

‘विनंती विशेष’ हे शब्द शोभेचे नाहीत. नमस्कार करून झाला, आता सांगायची खास गोष्ट अशी, असे ते म्हणतात. म्हणून त्यांच्या लगेच पुढे मुद्द्याचे वाक्य आले पाहिजे: ‘सा. न. वि. वि. आपले पत्र परवा मिळाले.’ पुष्कळ जण ‘स. न. वि. वि.’ लिहितात आणि पुढे पुन्हा ‘नमस्कार, कसा आहेस?’ अशी सुरुवात करतात. नमस्कार दोनदा झाला आणि विशेष सांगायचे राहूनच गेले. कुशल आधी विचारायचे असेल तर ‘वि. वि.’ गाळून नुसते ‘सप्रेम नमस्कार,’ लिहावे.

लहानांना ‘वि. वि.’ लिहीत नाहीत. आशीर्वाद देणारा विनंती कशाला करेल? तिथे ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ एवढ्यावर थांबायचे.

स्वतःचे नाव मायन्यातच गुंफण्याची एक जुनी आणि गोड रीत आहे: ‘तीर्थरूप बाबांस, बालक सुनीलचे कृतानेक साष्टांग नमस्कार.’ ती वापरायची असेल तर ‘चे’कडे लक्ष द्या. ‘कृतानेक’मध्ये ‘अनेक’ आहे, म्हणून नमस्कार अनेकवचनी, म्हणून ‘सुनीलचे’. ‘अनेक’ नसेल तर ‘सुनीलचा साष्टांग नमस्कार’.

आता उपाधी आणि अभिवादन जुळते का ते पाहा. ‘प्रिय बाबा, साष्टांग नमस्कार’ हे जुळते, कारण जिव्हाळा आणि मान दोन्ही एका ओळीत येऊ शकतात. ‘तीर्थरूप बाबांस, सप्रेम नमस्कार’ हे जुळत नाही, कारण आधी पायांशी वाकलो आणि मग ताठ उभे राहून हात जोडले. ‘चि. सुनील, सप्रेम नमस्कार’ही जुळत नाही. लहान भावाला नमस्कार नको, आशीर्वाद हवा. आशीर्वाद देण्याइतके आपण मोठे नाही असे वाटत असेल, भावंडांत दोनच वर्षांचे अंतर असेल, तर ‘चि.’ही काढा आणि ‘प्रिय सुनील’ लिहून सरळ मजकुराला लागा. अभिवादन वगळणे ही चूक नाही, चुकीचे अभिवादन लिहिणे ही चूक आहे.

> सावध: सांत्वनपत्रात मायना सगळ्यांत साधा ठेवा. ‘सप्रेम’, ‘अनेक उत्तम’ असले शब्द तिथे टोचतात. पत्राच्या माथ्यावरचे ‘॥ श्री ॥’ही अशा पत्रात अनेक घरांत लिहीत नाहीत. ‘ती. काकूंस’ किंवा ‘प्रिय सुनील’ एवढेच लिहावे आणि बातमी कळल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे.

## टप्पा ५: पदाला पत्र, म्हणजे ‘प्रति’ आणि ‘महोदय’

इथे वरची रचना बदलते. उपाधी, नाव आणि अभिवादन यांची जागा ‘प्रति’चा पत्ता, ‘विषय’ आणि ‘महोदय’ घेतात. क्रम असा: दिनांक, ‘प्रति,’ खाली पद, कार्यालय, गाव, मग विषय, आधीचा पत्रव्यवहार असेल तर संदर्भ, मग ‘महोदय,’ आणि पुढच्या ओळीवर मजकूर.

‘मा.’ हा ‘माननीय’चा संक्षेप पदाआधी लावतात: ‘मा. जिल्हाधिकारी’, ‘मा. मुख्याध्यापक’. शब्द ‘माननीय’ असा आहे, ‘माननिय’ नाही. पदाला ‘मा.’ लावल्यावर मागे ‘साहेब’ नको. बोलताना ‘साहेब’ म्हणणे वेगळे आणि अर्जावर लिहिणे वेगळे. व्यक्तीचे नाव अर्जात सहसा लागतच नाही. ती व्यक्ती उद्या बदलून जाईल, कागद पदाकडे राहील.

‘महोदय’ एकटे उभे राहते. त्याच्या पुढे-मागे नाव जोडत नाहीत. अधिकारी स्त्री असेल तर ‘महोदया’. माहीत नसेल तर ‘महोदय / महोदया’ असे दोन्ही लिहा. ‘महोदय’नंतर नमस्कार लिहायचा नाही. ‘महोदय, सप्रेम नमस्कार’ ही जोडी कार्यालयीन पत्रात बसत नाही, कारण तिथे प्रेमाचा व्यवहारच नाही. नागरिक म्हणून तुमचे म्हणणे आहे आणि ते विषयाला धरून सांगायचे आहे. म्हणून पहिले वाक्य ‘वरील विषयास अनुसरून विनंती करतो की’ किंवा त्याहून साधे, ‘मी … येथे राहतो’ असे. ‘करतो की’ आणि ‘करते की’ यांतले आपले रूप निवडा. छापील नमुन्यावरून उतरवताना मुलींच्या अर्जात ‘करतो’ तसेच राहिलेले फार दिसते.

एका फसगतीबद्दल सांगायला हवे. शासनात अधिकारी एकमेकांना कधी कधी अर्धशासकीय पत्र लिहितात आणि त्याची सुरुवात ‘प्रिय श्री. …’ अशी असते. असे पत्र पाहण्यात आले की लोकांना वाटते, सरकारी पत्राचा मायना हाच. तो दोन अधिकाऱ्यांमधला मायना आहे. नागरिकाच्या अर्जात तो वापरू नये.

वर्तमानपत्राच्या संपादकांना लिहिलेले पत्र या दोहोंच्या मध्ये पडते. पत्र पदाला असते, तरी ‘मा. संपादक यांस, स. न. वि. वि.’ हा मायना तिथे जुना आणि मान्य आहे. ईमेल असेल तर ‘प्रति’चा पत्ता वगळला तरी चालतो, पण ‘विषय’ त्याच्या रकान्यात हवाच आणि ‘महोदय’ही हवे. ‘हॅलो सर’ नको.

तपासा: अर्जात स्वतःच्या नावाआधी ‘श्री.’ किंवा ‘मा.’ लावलेले नाही ना? आदर दुसऱ्याने द्यायचा असतो. सहीखाली नुसते नाव लिहावे.

## एकाच व्यक्तीला दोन पत्रे: एक उदाहरण

समजा, एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हरवला आहे. तिला दुय्यम प्रत हवी आहे. तिच्या जुन्या वर्गशिक्षिका आता त्याच शाळेत मुख्याध्यापिका आहेत. बाईंचा तिच्यावर जीव आहे आणि तिला अर्जाबरोबर ख्यालीखुशालीही कळवायची आहे. बहुतेक जण हे सारे एका कागदावर लिहितात: ‘आदरणीय बाई, साष्टांग नमस्कार, आपण कशा आहात, मला दाखला हवा आहे.’ बाई तो वाचतात, सुखावतात आणि लिपिकाला काय द्यावे हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. घरगुती पत्र कार्यालयाच्या आवक नोंदीत चढवणे कठीण.

म्हणून दोन कागद. पहिला असा सुरू होईल:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> (शाळेचे नाव व गाव)
>
> विषय: शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मिळण्याबाबत.
>
> महोदया,
> मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे. माझा मूळ दाखला प्रवासात गहाळ झाला आहे…

यात ओळखीचा एक शब्दही नाही. ‘आपण मला ओळखताच’ असेही नाही. उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, तुकडी, जन्मतारीख ही माहिती मजकुरात येईल आणि त्यावरून लिपिक नोंदवही काढेल.

दुसरा कागद असा:

> आदरणीय बाई,
> सा. न. वि. वि.
> सोबत एक अर्ज जोडला आहे. त्या निमित्ताने खूप दिवसांनी तुम्हाला लिहिते आहे…

इथे ‘आदरणीय बाई’ ही सरळ हाक आहे. आडनाव घातले नाही, कारण त्या शाळेत तिच्यासाठी ‘बाई’ एकच. ‘सा. न.’ आहे, ‘स. न.’ नाही. ‘वि. वि.’नंतर लगेच मुद्दा आहे. आणि ‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’ आहे, कारण वर्गात ती ‘बाई, तुम्ही’ असेच बोलत असे. तिला ‘तीर्थस्वरूप बाईंस’ लिहिता आले असते का? आले असते. तेही बरोबर. पण मग पुढचा मजकूरही त्याच चालीचा ठेवावा लागला असता, आणि ते तिच्या बोलण्यात नाही.

## टप्पा ६: शेवट मायन्याशी जुळवा

मायना लिहून झाला की पत्राचा शेवट अर्धा ठरलेला असतो. मोठ्यांना: ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती. आपला आज्ञाधारक’ किंवा नुसते ‘तुमचा’, ‘तुझी’. बरोबरीच्यांना: ‘कळावे, तुझा मित्र’. लहानांना ‘ही विनंती’ लिहीत नाहीत, ‘पत्र पाठव’ असे सांगतात आणि खाली ‘तुझे बाबा’, ‘तुझी मावशी’. पदाला: ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’, आणि अर्जात ‘अर्जदार’.

चूक होते ती बहुधा मजकूर लांबल्यामुळे. सुरुवातीला ‘महोदय’ लिहून शेवटी सवयीने ‘लोभ असावा’ येते, किंवा ‘तीर्थरूप’ने सुरू झालेले पत्र ‘आपला विश्वासू’वर संपते. पत्र पुरे झाल्यावर मधला सगळा मजकूर हाताने झाका आणि फक्त पहिली व शेवटची ओळ एकापाठोपाठ वाचा. दोन्ही एकाच माणसाने एकाच माणसाला लिहिल्यासारख्या वाटल्या पाहिजेत.

## टप्पा ७: पाकिटावर काय लिहायचे

आतला मायना बाहेर नेऊ नका. ‘तीर्थरूप’ हे तुमच्या आणि वडिलांच्या मधले आहे, टपाल वाटणाऱ्याचे ते तीर्थरूप नाहीत. पाकिटावर वडिलांनाही ‘श्री.’ आणि पूर्ण नाव, आईलाही ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ आणि पूर्ण नाव. ‘प्रिय’ तर बाहेर कधीच नको. कार्यालयाच्या पाकिटावर ‘प्रति’खालचा पत्ता जसाच्या तसा उतरवा, ‘महोदय’ सोडून, आणि खाली पिनकोड. पाठवणाऱ्याच्या नावाआधी इथेही ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ लावायचे नाही.